फिशरचं ऑपरेशन: काही महिन्यांनंतरचा अनुभव, गळती आणि ‘किती कापणार?’ हा प्रश्न

गुदद्वाराच्या कडेला पडणारी चीर म्हणजे फिशर. तिच्या ऑपरेशनबद्दल लोक दुखणं कधी थांबलं आणि कामावर कधी गेलो एवढंच सांगतात. ज्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, ती कुणीच नीट बोलत नाही: नंतर वात किंवा शी रोखता येईल ना? आता ऑपरेशनला बरेच महिने होऊन गेलेत, त्यामुळे यावर मोकळेपणाने लिहिते. ऑपरेशन जवळ आलेल्यांना याचा उपयोग व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

माझं ऑपरेशन लॅटरल इंटर्नल स्फिंक्टरोटॉमी, म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या वर्तुळाकार स्नायूला बाजूने छोटा छेद देणं. दोन महिन्यांच्या आसपास फिशर भरत नसेल, कडेला मांसाचा छोटा कोंब आला असेल आणि जखमेच्या तळाशी स्नायूचे पांढरे तंतू दिसत असतील, तर तिला जुनी फिशर म्हणतात. अशा फिशरमध्ये आतला स्नायू सतत आवळलेला राहतो. त्यामुळे त्या जागेचा रक्तपुरवठा कमी पडतो आणि जखम भरत नाही. थोडे तंतू कापले की दाब उतरतो, रक्त पोचतं आणि जखम भरते. दहापैकी नऊहून जास्त जणांची फिशर या ऑपरेशनने बरी होते.

पण तोच स्नायू आपल्याही नकळत दार बंद ठेवत असतो. आपण झोपेत असतो, बोलत असतो, तेव्हा गुदद्वार मिटलेलं राहतं ते मुख्यतः याच्यामुळे. हा आपल्या इच्छेने चालत नाही. बाहेरचा स्नायू इच्छेने आवळता येतो, पण तो थोड्याच वेळात थकतो. म्हणून आतला स्नायू जितका जास्त कापाल तितकी फिशर भरायची खात्री वाढते आणि तितकीच गळतीची शक्यताही वाढते. या ऑपरेशनची सगळी गोम इथेच आहे.

जुन्या काळी भूल देऊन बोटांनी गुदद्वार जोरात ताणायची पद्धत होती. त्यात स्नायू कुठे आणि किती फाटतोय यावर ताबाच नसायचा, आणि पुष्कळ लोकांना नंतर रोखता येईना. आता ती मागे पडली आहे. त्यानंतर मागच्या बाजूला मधोमध छेद द्यायचे, पण तिथे खाच राहायची आणि त्या खाचेत शी अडकून दिवसभर डाग पडायचे. म्हणून आता छेद बाजूला देतात. कुणी तुम्हाला ‘भूल देऊन नुसतं ताणून देतो’ म्हणत असेल, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्याच.

माझ्या बाबतीत काळजीची दोन कारणं होती. पहिल्या बाळंतपणात चिमटे लावावे लागले होते आणि टाके बरेच पडले होते. शिवाय फिशर पुढच्या बाजूला होती. बायकांमध्ये या स्नायूंचा पुढचा भाग मुळातच आखूड असतो आणि बाळंतपणात इजा होते तीही तिथेच. अशी इजा वर्षानुवर्षं लपून राहू शकते, कारण आतला स्नायू सगळं सांभाळून घेत असतो. नंतर तोच कापला की जुनी इजा उघडी पडते.

म्हणून सर्जननी आधी मलमच चालू ठेवायला सांगितलं: डिल्टियाझेम २ टक्के, दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे, सोबत चोथा आणि कोमट पाण्यात बसणं. उतार पडला, पण फिशर भरली नाही. मग बोटॉक्सचं इंजेक्शन. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो आणि आपोआप उतरतो. एका अर्थी ही कापण्याची रंगीत तालीमच होती: स्नायू सैल झाल्यावर मला रोखता येतं का ते पाहता आलं. येत होतं. फिशर भरली, पण असर उतरल्यावर काही काळाने पुन्हा फाटली.

तेव्हा कुठे ऑपरेशनचा विषय निघाला. त्याआधी दोन तपासण्या झाल्या. एकीत बोटाएवढी नळी आत घालून सोनोग्राफी करतात. पडद्यावर आतला स्नायू काळ्या कड्यासारखा दिसतो आणि त्याच्याबाहेर दुसरा, उजळ. माझ्या बाहेरच्या कड्यात पुढे जुना पातळ वण दिसला, पण आरपार फट नव्हती. दुसरी मॅनोमेट्री, म्हणजे दाब मोजणं. माझा आरामातला दाब जास्त निघाला. मी विचारलं, ‘डॉक्टर, कमी निघाला असता तर?’ ते म्हणाले, ‘तर मी स्नायूला हातच लावला नसता. जो आवळलेलाच नाही तो कापून काय मिळणार? शेजारची कातडी सरकवून जखम झाकली असती.’ बाळंतपणानंतरच्या फिशरमध्ये दाब कमी असणं काही विशेष नाही, हे तेव्हा कळलं. सगळ्यांना या तपासण्या लागत नाहीत. पण चिमट्याचं बाळंतपण, या भागाचं आधीचं ऑपरेशन, वारंवार जुलाब किंवा आधीपासून वात रोखता न येणं, यातलं काहीही असेल तर स्वतःहून सांगा आणि तपासण्यांबद्दल विचारा.

मग माझा मुख्य प्रश्न: ‘किती कापणार?’ त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पूर्वी आतल्या एका ठरावीक रेषेपर्यंत, म्हणजे जिथे कातडी संपून आतलं अस्तर सुरू होतं तिथपर्यंत, कापायची रीत होती. माझ्यात ते फक्त फिशर जेवढी लांब तेवढंच कापणार होते, त्याच्या वर एक तंतूही नाही. आखूड छेदात फिशर परतण्याची शक्यता थोडी जास्त असते, तेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. मला तो सौदा पटला. फिशर परत आली तर पुन्हा उपाय करता येतात. कापलेला आतला स्नायू मात्र पूर्ववत जोडून देणारा खात्रीचा उपाय नाही.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी एक छोटा तक्ता भरून घेतला. घट्ट शी, पातळ शी, वात, पॅडची गरज आणि रोजच्या जगण्यावर परिणाम, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते चार गुण, एकूण वीस. शून्य म्हणजे पूर्ण ताबा. आधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतर काय बिघडलं हे सांगताच येत नाही, म्हणून हा तक्ता आग्रहाने भरून घ्या. माझा आधी एक होता, कधीतरी नकळत वात सुटायचा त्याचा.

दुखणं लगेच उतरलं, त्यावर जास्त लिहीत नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत मात्र वात अजिबात रोखता येत नव्हता आणि पॅड रोज ओला व्हायचा. तक्त्यात आकडा तेरावर गेला. खूप घाबरले होते मी. पुढच्या तपासणीत सर्जननी पॅडवरचा डाग नीट बघायला शिकवलं. पिवळसर पाणचट किंवा किंचित लालसर, वास नसलेला ओलावा म्हणजे जखमेचा स्राव. जखम भरेपर्यंत तो येतच राहतो. तपकिरी रेघ फक्त शौचानंतर तासाभरात दिसली तर आत थोडी शी मागे राहिली आहे. आणि दिवसभर केव्हाही, कळायच्या आत तपकिरी डाग पडत असेल तर तो आतल्या स्नायूचा प्रश्न. याच्या उलट, लागल्याचं कळतं पण शौचालयापर्यंत दम निघत नाही, तेव्हा बाहेरच्या स्नायूकडे बघावं लागतं. माझा बहुतेक ओलावा जखमेचा होता. तपकिरी रेघ यायची ती शी पातळ असलेल्या दिवशीच.

मग त्यावर काम केलं. ऑपरेशननंतर दिलेलं सारक औषध मी घेत होते आणि त्यानेच शी पातळ होत होती. पातळ शी धरून ठेवायला कुठल्याही स्नायूला जड जातं. सर्जननी सारक हळूहळू बंद केलं आणि फक्त इसबगोल ठेवलं. इसबगोल पाणी शोषून शीला आकार देतं, त्यामुळे ते बद्धकोष्ठातही चालतं आणि पातळपणातही. केळ्यासारखी मऊ पण बांधलेली शी हे लक्ष्य. तेलकट सारक घेणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की ते तेलच कधीकधी पाझरतं आणि माणूस उगाच समजतो की स्नायू गेला.

दुखणं गेल्यावर ओटीपोटाखालच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले. वात रोखताना आवळतो तसं आवळायचं, पाच सेकंदांपासून दहापर्यंत न्यायचं, मध्ये तेवढीच विश्रांती, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मांड्या आणि पोट सैल हवं, श्वास चालू हवा. याने कापलेला स्नायू वाढत नाही, बाहेरचा बळकट होतो आणि तो थोडी उणीव भरून काढतो. फिजिओथेरपिस्टकडे एकदा जाऊन बरोबर जागी आवळतोय ना हे तपासून घेणं मला फार गरजेचं वाटतं. मी आधी नुसते कुल्ले आवळत होते.

जखम भरली तेव्हा आकडा पाचावर आला होता. आता तो दोन आहे: महिन्यातून एखाद-दोनदा वात अवेळी सुटतो. डाग नाही, पॅड नाही. आधीच्या एकापेक्षा हे किंचित जास्तच आहे, पण त्या वेदनांच्या बदल्यात मला मान्य आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आढाव्यात दीर्घकाळ काहीतरी तक्रार राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे १४ टक्के आलं होतं. त्यात सगळ्यात मोठा वाटा वाताचा; घट्ट शी सुटणं एक टक्क्याहून कमी. हे आकडे आखूड आणि लांब, दोन्ही तऱ्हेच्या छेदांचे मिळून आहेत.

मूळव्याधीच्या ऑपरेशनलाही हा धोका असतो, फक्त कारण वेगळं. आतले रक्ताचे गादीसारखे मोड दार घट्ट मिटायला मदत करतात. ते काढताना स्नायूचे तंतू सोबत ओढले गेले किंवा एकाच वेळी फार ऊतक काढलं तर पाझर राहतो. जाणकार सर्जन आधी पांढरे तंतू ओळखून खाली ढकलतो आणि मगच मोड कापतो. मूळव्याध आणि फिशर एकाच बैठकीत करायचं म्हणत असतील तर ‘स्नायूही कापणार का, आणि का?’ हे आधी स्पष्ट विचारा.

ताप, वाढत जाणारं दुखणं, पू किंवा घट्ट शी सुटणं यासाठी वाट बघू नका, लगेच जा. वात आणि बारीक डाग मात्र जखम भरेपर्यंत, कधी त्यापुढेही काही आठवडे, कमी होत जातात. तीन महिन्यांनंतरही फरक पडत नसेल तर सोनोग्राफी आणि दाब पुन्हा मोजून घ्यावा. माझी फिशर पुन्हा उघडलीच, तर या दोन्ही तपासण्या झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला छेद द्यायचा नाही, असं सर्जननी माझ्या कागदांवर लिहून दिलं आहे. ती फाईल मी कुठल्याही डॉक्टरांकडे जाताना सोबत नेते.