एकाच डेस्कचं भाडं दोघांकडून: को-वर्किंगमधून मुदतीआधी निघताना आमचे 93,220 रुपये कसे गेले

पुण्यात बाणेरला एका को-वर्किंग कंपनीच्या सामायिक ऑफिसात आमचे चार डेडिकेटेड डेस्क. एका डेस्कचे महिन्याला 8,500, चारचे 34,000, वर 18 टक्के जीएसटी 6,120, म्हणजे दरमहा 40,120 रुपये. डिपॉझिट दोन महिन्यांचं, 68,000. करार अकरा महिन्यांचा, 1 जून 2024 ते 30 एप्रिल 2025. लॉक-इन सहा महिने, त्यानंतर 60 दिवसांची नोटीस. असे करार शेकड्याने होतात, त्यात वावगं काहीच दिसत नाही. वावगं आहे ते बारीक टायपात, आणि त्याहून जास्त त्या लोकांच्या तोंडी गोडव्यात.

लॉक-इन 30 नोव्हेंबरला संपलं. 5 डिसेंबरला मेल केला: काम कमी झालंय, 31 जानेवारीला निघायचंय, तुमचं नुकसान होऊ नये म्हणून चारही डेस्क घेणारी एक हिशेबनिसांची टीम तयार आहे, ते 1 फेब्रुवारीपासून येतील. यापेक्षा सरळ प्रस्ताव कोण देतो? कम्युनिटी मॅनेजर फोनवर म्हणाला, "चालेल ना सर, तुमची पार्टी घेऊन या, आम्ही अ‍ॅडजस्ट करतो." पार्टी आली, जागा पाहिली, तिला पसंत पडली. त्यांनी तिच्याशी वेगळा करार केला, डेस्कला 9,000 रुपये दराने, 1 फेब्रुवारीपासून, आमच्याच चार डेस्कवर. आणि आमचं बिल मार्चअखेरपर्यंत चालू ठेवलं.

मार्च कुठून आला ते नीट समजून घ्या, कारण हे गणित मुद्दाम बसवलेलं असतं. 5 डिसेंबरपासून 60 दिवस मोजले तर 3 फेब्रुवारी येते. पण करारातलं कलम म्हणतं की नोटीस पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून धरली जाईल, म्हणजे 1 जानेवारी. जानेवारीचे 31 आणि फेब्रुवारीचे 28 मिळून 59 दिवस होतात. साठावा दिवस पडतो 1 मार्चला. आणि पुढचंच कलम म्हणतं की महिन्याचा एक दिवस वापरला तरी पूर्ण महिन्याचं शुल्क लागेल. एका दिवसासाठी 40,120 रुपये! तुमच्या करारात "60 दिवस" लिहिलंय की "दोन कॅलेंडर महिने", ते सहीआधी बघा. दोन महिने लिहिलेलं असतं तर मार्च उगवलाच नसता. आणि नोटीस द्यायची तर महिन्याच्या शेवटच्या तारखेआधी द्या, पाच दिवस उशीर म्हणजे अख्खा महिना जातो.

फेब्रुवारीचे 40,120 नॅच मँडेटने खात्यातून वळते झाले. डिपॉझिटमधून मार्चचे 40,120, रंगकाम आणि दुरुस्ती म्हणून डेस्कमागे 1,500 म्हणजे जीएसटी धरून 7,080, आणि "एक्झिट प्रोसेसिंग"चे 5,000 अधिक जीएसटी, 5,900. एकूण कपात 53,100. हातात आले 14,900. फेब्रुवारी धरला तर गेले 93,220. रंगकाम कुठे झालं? नवी टीम दुसऱ्याच दिवशी त्याच भिंतीला पाठ लावून बसली होती. दुरुस्ती नक्की कशाची, हे आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

आता तो क्षण, ज्याची चीड अजून जात नाही. 31 जानेवारीला संध्याकाळी हँडओव्हरचा कागद समोर आला. डेस्क डी-14 ते डी-17, अ‍ॅक्सेस कार्डं चार, पेडेस्टलच्या किल्ल्या चार, मॉनिटर आर्म दोन, सगळ्यावर टिक, खाली दोघांच्या सह्या. सह्यांच्या वर एक चौकट होती, "शेवटची बिलिंग तारीख", आणि ती कोरी होती. विचारल्यावर उत्तर आलं, "ते अकाउंट्स भरतील सर, सिस्टीमला ऑटो येतं." खाली टेम्पो उभा, माणसं खोळंबलेली, नवी पार्टी उद्या सकाळी येणार, आणि दीड महिना हाच माणूस "अ‍ॅडजस्ट करतो" म्हणत होता. अशा वेळी कुणीही सही करेल, आम्हीही केली. पण सगळी फसवणूक त्या कोऱ्या चौकटीत होती. ती चौकट भरल्याशिवाय कार्ड परत देऊ नका. कितीही घाई असो, कार्ड खिशात ठेवा.

याआधीही खूण होती. आमच्या 5 डिसेंबरच्या मेलला उत्तर आलं होतं की तुमची विनंती नोंदवून घेतली आहे, संबंधित टीम संपर्क करेल. त्यात तारीख नाही, आकडा नाही, मान्य की अमान्य तेही नाही. पुढे वाद झाला तेव्हा तोच मेल त्यांनी पुढे केला: आम्ही कधी मान्य केलं? फोनवरचं सगळं हवेत गेलं. करारातही कलम होतंच की लेखी आणि अधिकृत सहीशिवाय कोणताही बदल ग्राह्य नाही. कम्युनिटी मॅनेजरला तो अधिकार नसतो. तो तुमच्याशी गोड बोलायला नेमलेला असतो, हिशोब वेगळ्या शहरातलं हेड ऑफिस करतं.

मेल कसा असायला हवा ते सांगतो. विनंतीचा सूर ठेवा, पण प्रत्येक वाक्याला करारातला आधार द्या:

"आपल्यातील दिनांक अमुकच्या सदस्यत्व कराराच्या नोटीस कलमानुसार (क्रमांक लिहा) आम्ही आज नोटीस देत आहोत. लॉक-इन अमुक तारखेला संपले आहे. डेस्क डी-14 ते डी-17 आम्ही 31 जानेवारीला रिकामे करू. त्याच डेस्कसाठी अमुक संस्थेची आम्ही ओळख करून देत आहोत, तिलाही या मेलची प्रत पाठवली आहे. आमची विनंती अशी की त्या संस्थेचे शुल्क ज्या दिवशी सुरू होईल त्याच्या आदल्या दिवशी आमचे शुल्क बंद व्हावे. शेवटची बिलिंग तारीख, शेवटच्या बिलाची रक्कम आणि डिपॉझिट परतीची तारीख अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावी. ते कळल्यावर आम्ही जागा दाखवण्याची व्यवस्था करू."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. नवी पार्टी हीच तुमची एकमेव ताकद असते. तिला आधी जागा दाखवली की ती त्यांची झाली, मग तुमच्याशी बोलायला त्यांना कारणच उरत नाही. म्हणून लेखी होकार आधी, ओळख प्रत्यक्ष नंतर. मेलला उत्तर आलं नाही तर गप्प बसणं म्हणजे मान्यता, असं अजिबात धरू नका. एका पानाचा समाप्ती कागद करा, त्यावर कंपनीच्या अधिकृत सहीदाराची सही घ्या, त्यात नव्या सदस्याचं नाव आणि डेस्क क्रमांक दोन्ही लिहा.

डेस्क क्रमांकांवर जोर द्यायला कायद्याचं कारण आहे. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 नुसार करारात दंड लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही फक्त वरची मर्यादा असते. कलम 73 चं स्पष्टीकरण म्हणतं की नुकसान ठरवताना ते टाळायला कोणते मार्ग हाताशी होते ते बघावं लागेल. डिपॉझिट जप्त करायलाही नुकसान झालेलं असावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या निकालात सांगितलंय. आमच्या डेस्कवर 1 फेब्रुवारीपासून जास्त दराने दुसरा ग्राहक बसला, मग नुकसान कसलं? ते यावर म्हणतात की आमच्याकडे इतर डेस्कही रिकामे होते, तो ग्राहक तिथे बसला असता, त्यामुळे तुमचे डेस्क रिकामे राहण्याचं नुकसान आमचंच. या युक्तिवादात थोडा दम आहे, हे मान्य करायला हवं. तो मोडायचा तर ग्राहक तुम्ही आणला याचा आणि तेच डेस्क त्याला दिल्याचा कागद लागतो.

आणि कागद घेऊन जायचं कुठे? पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि सांगितलं, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, कंपनीने "करारानुसार कार्यवाही" एवढं लिहिलं आणि तक्रार निकाली म्हणून बंद! निकाली कुणासाठी? जिल्हा ग्राहक आयोगात पहिलाच प्रश्न, भागीदारी फर्म आहे, व्यावसायिक वापर आहे, तुम्ही ग्राहक कसे? एकटा फ्रीलान्सर स्वतःच्या पोटासाठी डेस्क घेत असेल तर त्याला हा मुद्दा मांडायला जागा आहे, आमच्यासारख्यांना ती फार अरुंद आहे. बरं, करारच अन्यायकारक आहे म्हणावं, तर 2019 च्या ग्राहक कायद्यात अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. एमएसएमई समाधान पोर्टल आहे, पण ते माल किंवा सेवा पुरवणाऱ्या लहान उद्योगांच्या थकबाकीसाठी. अडकलेलं डिपॉझिट तिथे बसत नाही. दिवाणी कोर्टात जावं तर करारात लवादाचं कलम, ठिकाण हेड ऑफिसचं शहर. 93,220 रुपयांसाठी परराज्यात वकील कोण उभा करेल? ते हेच धरून चालतात. प्रत्येक खिडकी उघडी आहे आणि प्रत्येक जण पुढच्या खिडकीकडे बोट दाखवतो, कर वेळेवर भरणाऱ्या छोट्या धंद्याला या राज्यात दाद मागायला एक सरळ दार नाही.

मँडेट रागाच्या भरात रद्द करू नका, खातंही रिकामं करू नका. देणं कायदेशीर ठरलं आणि खात्यात पुरेसे पैसे नसल्याने वळती परत गेली, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा 2007 च्या कलम 25 खाली, चेक परत जाण्यासारखंच, फौजदारी प्रकरण मागे लागू शकतं. आधी समाप्तीचा कागद, मग लेखी कळवून मँडेट बंद.

कपातीतला जीएसटीही तपासा. आमच्या 53,100 मध्ये 8,100 जीएसटी होता, पण त्याचं टॅक्स इन्व्हॉइस दिलं नाही, नुसती "सेटलमेंट शीट" आली. जीएसटीआर-2बी मध्ये ती रक्कम दिसली नाही, म्हणजे क्रेडिटही गेलं. डिपॉझिट हे शुल्क म्हणून वळतं केल्याशिवाय त्यावर कर लागत नाही. वळतं केलं तर बिल द्यावंच लागतं. ते मागा, मेलवर मागा.

आणि जीएसटी नोंदणीवर त्यांचा पत्ता असेल तर तो बदलायला निघण्याच्या आधी लागा. मुख्य ठिकाणाच्या बदलाला अधिकाऱ्याची मंजुरी लागते, त्यात पंधरा कामकाजाचे दिवस सहज जातात, आणि तोवर "पत्ता काढल्याचा पुरावा द्या" म्हणून डिपॉझिट रोखून धरलं जातं. आमचा पत्ता 20 जानेवारीलाच बदलला होता, म्हणून निदान ते 14,900 तरी सुटले.