काट्यावर वजन दिसतं, फोनमध्ये पोचत नाही : आठ महिन्यांचा अनुभव

हा ब्लूटूथ वजनकाटा घेऊन आठ महिने झाले. वजनाबद्दल तक्रार नाही. पाच किलोचं न फोडलेलं पाकीट हातात घेऊन उभा राहिलो की आकडा पाचानेच वाढतो. माझं रडगाणं वेगळं आहे. पहिले तीन महिने निम्मी वजनं फोनपर्यंत पोचलीच नाहीत. पायाखाली ७४.६ आणि ॲपमध्ये परवाचंच ७५.१.

पहिली चूक माझी. हेडफोन जोडतो तसा मी काटाही फोनच्या ब्लूटूथ सेटिंग्जमधून जोडला. हा काटा तसा जोडायचा नसतोच, कंपनीचं ॲप त्याला स्वतः शोधतं. सेटिंग्जच्या यादीत काटा दिसायचा आणि ॲप म्हणायचं, काटा सापडत नाही. यादीतून तो काढून टाकला, ॲपमधून नव्याने जोडला आणि गाडी सुरू झाली.

मग लोकेशनची भानगड. माझ्या फोनमध्ये अँड्रॉइड ११ आहे. ११ आणि त्याआधीच्या अँड्रॉइडमध्ये आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला ॲपला लोकेशनची परवानगी लागते, शिवाय फोनचं लोकेशनही चालू असावं लागतं. मी बॅटरी वाचवायला ते बंद ठेवायचो. ॲप त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतं, नुसतं गोल फिरत राहायचं. अँड्रॉइड १२ पासून यासाठी Nearby devices नावाची वेगळी परवानगी आली, तरी काही ॲप लोकेशन मागतातच.

एवढं करूनही वजन कधी यायचं, कधी नाही. खरा छळ इथे झाला, कारण नियमच सापडेना. सेल बदलले, ॲप काढून परत टाकलं. शेवटी nRF Connect हे फुकट ॲप घेतलं. आसपासचं कोणतं ब्लूटूथ उपकरण ‘मी इथे आहे’ अशी हाक देतंय आणि किती जोरात, हे ते दाखवतं. काट्याचं ॲप पूर्ण बंद केलं, यात स्कॅन लावला आणि काट्यावर उभा राहिलो. काट्याचं नाव आलं, शेजारचा सिग्नलचा आकडा उणे साठच्या आसपास दोनदा हलला आणि थिजला. काट्याचा दिवा मात्र अजून चालूच! म्हणजे काटा जागा होता, पण हाक द्यायची थांबला होता. असे काटे एका वेळी एकाच फोनशी बोलतात आणि कुणी जोडलं गेलं की हाक बंद करतात. मग जोडलं कोण गेलं?

बायकोचा जुना टॅब. पहिल्या दिवशी गंमत म्हणून तिनेही ॲप टाकलं होतं आणि काटा जोडला होता. टॅब बाहेरच्या खोलीत चार्जिंगला असायचा आणि मागच्या मागे ॲप चालू. काटा जेमतेम दहा-पंधरा सेकंद जागा राहतो. तेवढ्यात जो आधी पकडेल, वजन त्याचं. माझा काटा वजन एकदा पोचलं की ते साठवणीतून पुसतो, त्यामुळे माझ्या फोनला नंतरही काही मिळत नव्हतं. टॅबचं ब्लूटूथ बंद करून तीच चाचणी पुन्हा केली, तर दिवा विझेपर्यंत आकडा हलत राहिला. माझी हरवलेली वजनं तिच्या ॲपमध्ये ‘पाहुणा’ या नावाखाली ओळीने बसलेली होती. टॅबवरचं ॲप काढलं आणि माझ्याच फोनवर दोघांची प्रोफाइल केली. आमच्या वजनात बराच फरक आहे म्हणून हे चालतं. काटा माणूस ओळखतो तो मागच्या वजनाशी ताडून, त्यामुळे सारख्या वजनाच्या दोन भावांची गफलत होणारच.

पुढचा टप्पा कंपनीच्या ॲपकडून हेल्थ ॲपकडे, म्हणजे अँड्रॉइडवर एका ॲपची आरोग्याची नोंद दुसऱ्याला देणाऱ्या हेल्थ कनेक्टमार्फत. तिथे दोन परवानग्या वेगवेगळ्या आहेत. कंपनीच्या ॲपला वजन लिहिण्याची आणि हेल्थ ॲपला ते वाचण्याची. मी पहिलीच दिली होती. दुसरी दिल्यावरही फक्त गेल्या तीस दिवसांची वजनं आली. आधीचं सगळं गेलं असं वाटलं, पण हेल्थ कनेक्ट वाचणाऱ्या ॲपला परवानगीच्या आधीचे तीसच दिवस दाखवतं. जुन्यासाठी वेगळी परवानगी असते आणि ती ॲपने मागावी लागते.

सोबत घेतलेल्या ऑक्सिमीटरमध्ये साठवण नाहीच. ॲप उघडून जोडलं गेल्याचं दिसल्यावरच बोट घालायचं. आधी मोजून नंतर ॲप उघडलं तर तो आकडा गेला.

गेल्या महिन्यात काट्याचे सेल बदलले आणि परत वजन येईना. टॅब तपासला, लोकेशन तपासलं. सेल काढल्यावर काट्याचं घड्याळ मागे गेलं होतं आणि त्या सकाळचं वजन आलेखाच्या पार डाव्या टोकाला, काही वर्षांपूर्वीच्या १ जानेवारीला जाऊन बसलं होतं. आता सेल बदलले की आधी ॲप उघडून काटा जोडतो, घड्याळ लागू देतो आणि मगच वर चढतो.