मोमेंटम, लो व्होलॅटिलिटी, व्हॅल्यू की साधा निफ्टी?

माझा पुतण्या अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. दरमहा बारा हजारांची एसआयपी निफ्टी ५० च्या साध्या इंडेक्स फंडात टाकतो. परवा इंदिरानगरच्या घरी आला तो मोबाईलवर एक आलेख घेऊनच. त्यात २००५ साली लावलेले पैसे निफ्टी २०० मोमेंटम ३० या, अलीकडे भाव चढलेले शेअर निवडणाऱ्या निर्देशांकात आज किती झाले असते आणि निफ्टीत किती, अशा दोन रेषा होत्या. वरची रेषा खालचीला पार मागे टाकून गेलेली. "काका, मग मी निफ्टीत कशाला थांबू?"

प्रश्न रास्त आहे. पण आलेख २००५ पासून सुरू होत असला तरी हा निर्देशांक बाजारात आला ऑगस्ट २०२० मध्ये. आधीची पंधरा वर्षे कुणी जगलेली नाहीत. नियम २०२० मध्ये ठरले आणि जुन्या भावांवर मागे जाऊन चालवून पाहिले गेले. त्यात लबाडी नाही, एनएसईची ही नेहमीची पद्धत आहे. पण मागे पाहून जे नियम चांगले दिसतात त्यांचेच निर्देशांक निघतात. जे दिसत नाहीत ते आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत. अमेरिकेत डेव्हिड मॅक्लीन आणि जेफ्री पोंटिफ यांनी २०१६ मध्ये शेअर निवडायच्या अशा ९७ निकषांचा, म्हणजे घटकांचा, अभ्यास छापला. मूळ संशोधनाच्या काळाबाहेर परतावा २६ टक्क्यांनी कमी झाला होता आणि शोध प्रसिद्ध झाल्यानंतर ५८ टक्क्यांनी. म्हणजे फायदा पूर्ण नाहीसा झाला नाही, पण निम्म्याहून जास्त आटला. पुतण्याच्या आलेखातला फरक मी म्हणूनच आधी निम्मा करतो आणि मग विचाराला बसतो.

दुसरी गोष्ट तुलनेची. मोमेंटम ३० मधले शेअर निफ्टी २०० मधून निवडलेले असतात, म्हणजे त्यात मिडकॅप भरपूर येतात. त्याला निफ्टी ५० शेजारी उभे केले की मिडकॅपच्या तेजीचे श्रेयही मोमेंटमच्या खात्यात जाते. त्याची खरी जोडी निफ्टी २०० शी. niftyindices.com वर दोन्हींचे TRI आकडे, म्हणजे लाभांश धरून काढलेले, मोफत मिळतात. ऑगस्ट २०२० पासूनचे घ्यावेत आणि प्रत्येक महिन्यापासून पुढची तीन वर्षे असे तुकडे पाडून पाहावेत. एकाच तारखेपासूनचा परतावा त्या तारखेच्या नशिबावर चालतो.

आता निधी आत काय करतो ते पाहू. मोमेंटम ३० मध्ये गेल्या सहा आणि बारा महिन्यांत भाव किती वाढला ते मोजतात, त्याला चढउताराने भागतात, आणि वरचे ३० शेअर घेतात. जून आणि डिसेंबरमध्ये फेरबदल. एका फेरबदलात निम्मी यादी बदलली तरी आश्चर्य नाही. समजा दहा लाख रुपये आहेत. पाच लाखांचे शेअर विकले, पाच लाखांचे घेतले, दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी, म्हणजे शेअरच्या व्यवहारावरचा कर, धरला तर हजार रुपये. वर्षातून दोनदा, म्हणजे दोन हजार, नुसता कर. मोठा निधी एकाच वेळी तेच शेअर घ्यायला गेल्यावर भाव जो वर सरकतो तो खर्च वेगळाच. निर्देशांकाच्या आकड्यात यातला एकही रुपया धरलेला नसतो. म्हणून आलेख निर्देशांकाचा न पाहता निधीच्या एनएव्हीचा, म्हणजे एका युनिटच्या भावाचा, पाहावा. दोन्हींतले अंतर म्हणजे ट्रॅकिंग डिफरन्स. साध्या निफ्टी फंडात ते किरकोळ असते, कारण तिथे यादी वर्षाकाठी दोनचार नावांनीच बदलते.

मोमेंटमची खरी किंमत मात्र पडझडीत कळते. सप्टेंबर २०२४ च्या शिखरापासून मार्च २०२५ च्या सुरुवातीपर्यंत निफ्टी ५० सुमारे १६ टक्के उतरला. मोमेंटम ३० त्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. त्याआधीच्या वर्षाची घोडदौड पाहून नेमके त्याच सप्टेंबरात अनेकांनी यात पैसे टाकले. लासलगावला कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामात निफाड-येवल्यात जो तो कांदा लावतो, तसेच हे. निधीचा परतावा आणि त्यात पैसे टाकणाऱ्याचा परतावा हे दोन वेगळे आकडे होतात ते इथे.

लो व्होलॅटिलिटी ३० चा स्वभाव उलटा. निफ्टी १०० मधले ज्यांचे भाव वर्षभरात सर्वांत कमी हलले ते ३० शेअर, आणि जो कमी हलतो त्याला वजन जास्त. साबण, औषधे, आयटी, मोठ्या बँका असा भरणा. २०२० च्या जानेवारीतल्या शिखरापासून मार्चपर्यंत निफ्टी ३८ टक्के पडला तेव्हा हा कमी पडला. पण पडलाच, हे लक्षात ठेवावे. तेजीत तो मागे रेंगाळतो. माझ्या मते या तिघांत सामान्य माणसाला झेपेल असा हाच, कारण त्याचा दोष कंटाळवाणा आहे, भीतीदायक नाही.

व्हॅल्यूत तर नावच फसवते. निफ्टी ५० व्हॅल्यू २० मध्ये एकेक निकष पाहिला तर सर्वांत जास्त भार भांडवलावरच्या परताव्याला आहे, स्वस्ताईचे निकष एकेकटे त्यानंतर. त्यामुळे तो बराचसा चांगल्या, नफेदार कंपन्यांचा निधी होतो. निफ्टी ५०० व्हॅल्यू ५० मात्र खरोखर स्वस्त माल उचलतो: सरकारी बँका, तेल, धातू, कोळसा. असे शेअर कित्येक वर्षे पडून राहतात आणि मग एकदम चालतात. दोन्हींच्या नावात व्हॅल्यू आहे, पण एकाऐवजी दुसरा घेतला तर वाट्याला दुसराच अनुभव येईल. खरेदीआधी फॅक्टशीटमधले पहिले दहा शेअर वाचा, एवढे पुरे.

मग साध्या निफ्टीला हे हरवतात का? कागदावर, लांब मुदतीत, हो. खर्च आणि प्रसिद्धीनंतरची घट धरली तर थोडेफार. आणि ते थोडेफार मिळवायचे तर मागे पडलेली चारपाच वर्षे एसआयपी बंद न करता काढावी लागतात. पुतण्याच्या बाबतीत मला तेच शंकास्पद वाटले. २०२२ मध्ये निफ्टी चार टक्के वर आणि मोमेंटम खाली बंद झाला होता, त्या वर्षी तू काय केले असतेस, असे विचारले तर हसला आणि म्हणाला, "निफ्टीत परत आलो असतो."

त्याला मी सांगितले ते असे: बारापैकी नऊ हजार निफ्टी ५० मध्येच राहू दे. तीन हजार प्रयोगाला. त्यात एकच घटक घ्यायचा असेल तर लो व्होलॅटिलिटी; मोमेंटम घ्यायचाच असेल तर सोबत तेवढाच निफ्टी ५०० व्हॅल्यू ५०, कारण हे दोघे सहसा एकाच वेळी आजारी पडत नाहीत. डायरेक्ट योजना, ग्रोथ पर्याय. जुने निफ्टीचे युनिट विकून तिकडे वळवायचे नाहीत: वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के आणि त्यानंतर वर्षाला सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर पडतो, म्हणजे नव्या फंडाला आधी ती तूट भरून काढावी लागेल. आणि मोमेंटमचा भाग वाढून वाढून निम्मा झाला तरी एसआयपीची रक्कम त्या बाजूला वाढवायची नाही, पुढचे हप्ते निफ्टीकडे.

त्याने शेवटी मोमेंटम सोडला आणि तीन हजार लो व्होलॅटिलिटीत टाकले. आलेख मात्र अजून मोबाईलमध्ये ठेवलाय.