निष्काळजीपणा की सदोष उत्पादन? स्वयंचलित गाडीच्या प्रश्नाचं उत्तर कुठून सुरू करावं

विधी आणि तंत्रज्ञानाच्या पेपरात हा प्रश्न कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच: गाडी स्वतः चालत होती, पादचारी दगावला, जबाबदार कोण? उत्तराचे दोन सांगाडे रूढ आहेत. पहिला निष्काळजीपणाचा, म्हणजे कर्तव्य, कर्तव्यभंग, कार्यकारणभाव, हानी. दुसरा सदोष उत्पादनाचा. मी दोन्हींवर उत्तरं लिहिली आहेत आणि हल्ली ज्युनिअर मंडळींची सरावाची उत्तरंही वाचतो. माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण पहिला टाकाऊ आहे असं कुणी समजू नये.

तुलना एकाच घटनेवर करू. अ‍ॅरिझोनातल्या टेम्पी गावात 18 मार्च 2018 च्या रात्री उबरच्या चाचणीतल्या व्होल्वो गाडीने, सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईंना उडवलं. त्यात त्यांचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासातून जे बाहेर आलं, ते परीक्षार्थीसाठी घबाडच आहे. धडकेच्या 5.6 सेकंद आधी यंत्रणेला समोर काहीतरी आहे हे कळलं होतं. मात्र ते काय आहे याबद्दल तिचं मत पालटत राहिलं: कधी वाहन, कधी 'इतर', कधी सायकल. मत पालटलं की वस्तूचा आधीचा मागोवा बाद व्हायचा, त्यामुळे ती आडवी येते आहे हा निष्कर्षच निघेना. झेब्रा क्रॉसिंग सोडून कुणी रस्ता ओलांडेल, हे मुळात रचनेतच धरलेलं नव्हतं. 1.2 सेकंद उरले तेव्हा धोका ओळखला गेला, पण उगाच ब्रेक लागू नयेत म्हणून ब्रेक लावण्याआधी यंत्रणेने एक सेकंद वाट पाहावी, अशी सोय मुद्दाम ठेवलेली होती. तो सेकंदही गेला. वर, व्होल्वोचा स्वतःचा आपत्कालीन ब्रेक स्वयंचलित मोड चालू असताना बंद ठेवलेला होता.

पेपर काढणारे बहुधा हीच तथ्यं उचलतात आणि गाडी एखाद्या खरेदीदाराच्या हाती देतात. हा बदल महत्त्वाचा आहे. टेम्पीची गाडी विकलेली नव्हती आणि सदोष उत्पादनाचा दावा सहसा बाजारात आलेल्या वस्तूवर उभा राहतो. प्रश्नात 'चाचणी' हा शब्द दिसला, तर माझा आवडता सांगाडा गुपचूप बाजूला ठेवावा आणि निष्काळजीपणाच लिहावा.

आता निष्काळजीपणाचा सांगाडा या तथ्यांवर ठेवून बघू. कर्तव्याला अडचण नाही, रस्त्यावर गाडी आणणाऱ्याने इतरांची काळजी घ्यायची. कर्तव्यभंग कुणाचा, इथे मात्र पेन अडतं. विवेकी चालकाची कसोटी लावायची तर चालक गाडी चालवतच नव्हता. विवेकी अभियंत्याची लावायची तर शेकडो अभियंत्यांतल्या नेमक्या कुणाच्या कुठल्या निर्णयाला हात घालायचा, हे फिर्यादीला बाहेरून कसं कळणार? मग काय होतं, तर उत्तर सीटवर बसलेल्या माणसाकडे घसरतं. मला खटकलं ते हेच, आणि माझा कौल यानेच ठरवला. मी वाचलेल्या निष्काळजीपणाच्या उत्तरांत अर्धं पान चालकाच्या मोबाइलवर खर्च झालेलं असतं आणि तो एक सेकंद एका ओळीत उरकलेला असतो.

प्रत्यक्षातही वेगळं घडलं नाही. टेम्पीच्या गाडीत देखरेखीला बसलेल्या कर्मचारी बाई फोनवर कार्यक्रम पाहत होत्या असं तपासात आढळलं. कंपनीवर फौजदारी जबाबदारी ठेवायला आधार नाही, असं सरकारी वकिलांनी 2019 मध्ये सांगितलं. मृताच्या कुटुंबाशी कंपनीने आधीच तडजोड केली होती. 2023 मध्ये त्या कर्मचारी बाईंनी गुन्हा कबूल केला आणि त्यांना 3 वर्षांची देखरेखीखालची परिवीक्षा मिळाली. त्यांची चूक होतीच. पण 5.6 सेकंदांचा जो हिशेब वर दिला, त्यातलं त्यांनी काहीच ठरवलेलं नव्हतं.

सदोष उत्पादनाचा सांगाडा घेतला की प्रश्न फिरतो: कोण चुकलं हे बाजूला राहतं आणि वस्तू जशी आहे तशी सुरक्षित आहे का, हे पुढे येतं. आपला ग्राहक संरक्षण अधिनियम 2019, कलम 84, रचनेतल्या दोषासाठी निर्मात्याला जबाबदार धरतो. रचनेचा दोष दाखवायचा तर अमेरिकी न्यायालयं बहुतेकदा वाजवी पर्यायी रचना मागतात, आणि इथे ती शोधायला लांब जावं लागत नाही. ती त्याच गाडीत होती, फक्त बंद होती. एवढा एक मुद्दा नीट उलगडला तरी उत्तराला वजन येतं.

तरी या सांगाड्याला भारतीय पेपरात एक खोल खड्डा आहे आणि तो बहुतेकांना दिसत नाही. आपल्या कायद्यात उत्पादन-दायित्व हे ग्राहकाला झालेल्या हानीबद्दल आहे. सायकल ढकलणाऱ्या बाई कुणाच्या ग्राहक? गाडीच्या मालकाला दार उघडं, चिरडलेल्याला बंद. अशा वेळी मी पादचाऱ्याचा दावा मोटार वाहन अधिनियमाकडे वळवतो. 2019 च्या दुरुस्तीनंतरच्या कलम 164 खाली मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे, आणि कुणाचीही चूक सिद्ध करावी लागत नाही. जास्त हवं असेल तर न्यायाधिकरणापुढे कलम 166, म्हणजे पुन्हा निष्काळजीपणा आलाच. मग पुढचा प्रश्न विचारायचा: विमा कंपनीने भरलेले पैसे निर्मात्याकडून वसूल व्हावेत का? ब्रिटनच्या 2018 च्या कायद्याने नेमकी हीच वाट बांधली आहे. विमा कंपनी आधी देते आणि नंतर खऱ्या जबाबदाराच्या मागे लागते. आपल्याकडे स्वयंचलित गाड्यांसाठी अशी स्वतंत्र तरतूद नाही, हे लिहून तुलना केली की परीक्षकाला उत्तरात विचार दिसतो.

सॉफ्टवेअर हे 'उत्पादन' आहे का, यावरही दोन ओळी हव्यात. आपल्या व्याख्येत वस्तू वायू, द्रव किंवा घन अवस्थेतली असते. नुसता कोड तिथे अवघडच बसतो, गाडीचा भाग म्हणून बसवता येतो. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशाने सॉफ्टवेअरला थेट उत्पादन म्हटलं आहे आणि दोष सिद्ध करणं फार अवघड असेल तिथे तो गृहीत धरायची सोय केली आहे. गाडीच्या नोंदी कंपनीच्याच कपाटात असल्यावर ही सोय किती कामाची, हे सांगायला नको.

प्रश्नात गाडीऐवजी स्वयंचलित निर्णयप्रणाली आली, तर माझा कल उलटतो. ऑस्ट्रेलियातल्या 'रोबोडेट' योजनेत लोकांचं वार्षिक उत्पन्न पंधरवड्यांत सारखं वाटून टाकलं जायचं. हंगामी काम करणाऱ्याने बेकारीच्या महिन्यांत घेतलेला भत्ता त्यामुळे जादा घेतल्यासारखा दिसायचा आणि वसुलीची नोटीस यायची. इथे हानी निव्वळ पैशाची, आणि आपल्या कायद्यातली 'हानी'ची व्याख्या आर्थिक तोटा सरळ वगळते. सदोष उत्पादन इथे चालत नाही. सरकारी प्रणाली असेल तर संविधानाचं कलम 14 आणि रिट, खासगी असेल तर निष्काळजीपणा किंवा सेवेतली त्रुटी. म्हणून प्रश्न वाचताना 'इजा' आहे की 'तोटा', यावर आधी रेघ ओढावी, मगच सांगाडा निवडावा.