जिन, व्होडका आणि व्हाइट रम घरच्या ग्लासात: सात महिन्यांनंतर

मेव्हण्याच्या लग्नातून सोड्याच्या दोन पेट्या उरल्या आणि त्या परत घ्यायला दुकानदार तयार होईना. सोडा वाया जाऊ नये म्हणून मी फेब्रुवारीत जिन, व्होडका आणि व्हाइट रमचा एकेक खंबा आणला. बायको म्हणाली, "चारशेचा सोडा वाचवायला हजारोंची दारू आणली." तिचा हिशोब बरोबर होता, पण बाटल्या घरात आल्या होत्या.

तिन्ही ४२.८ टक्क्यांच्या. माझी पद्धत साधी: उंच ग्लास, तोंडापर्यंत बर्फ, ६० मिली दारू, वर १८० मिली गार सोडा, चमचा एकदाच तळापासून वर. सोडा आधीपासून फ्रीजमध्ये हवाच. जालन्याच्या मे महिन्यात खोलीतला सोडा बर्फावर ओतला की फस्सकन फेस येतो, गॅस तिथेच उडतो आणि हातात उरतं ते चपट पाणी.

पहिले तीन महिने माझं मत ठाम होतं. जिन उत्तम, रम ठीक, व्होडका भिकार. व्होडकाचा पहिला घोट बरा लागायचा, अर्ध्या ग्लासानंतर मात्र कसला तरी शिळा, कुबट वास यायचा आणि शेवटचा घोट मी बेसिनमध्ये ओतायचो. साडू परभणीहून आले तेव्हा त्यांनीही ग्लास खाली ठेवला. म्हणाले, "दाजी, माल डुप्लिकेट दिसायलाय."

झालं. दुसऱ्या दिवशी बाटली पिशवीत घालून मी वाइन शॉपवर. तिथला माणूस ऐकेना. "साहेब, सील तुम्हीच तोडलं, आता तीन महिन्यांनी काय आणायलाव?" मी आवाज चढवला, त्यानेही चढवला, मागे रांग लागली. शेवटी त्याने झाकणात थोडी ओतली, वास घेतला आणि म्हणाला, "बर्फ न टाकता पिऊन बघा एकदा." टाळायला काहीतरी सांगतोय असं वाटून मी तणतणत घरी आलो.

तरी रात्री करून पाहिलं. तीन ग्लासांत ३०-३० मिली व्होडका घेतली. एकात फ्रीजमधलं आरओचं गार पाणी, बर्फ नाही. दुसऱ्यात तेच पाणी आणि आमच्या ट्रेचा बर्फ. तिसऱ्यात शेजाऱ्यांकडून वाटीभर मागून आणलेला बर्फ. पहिला स्वच्छ, तिसराही स्वच्छ. दुसऱ्यात दहा मिनिटांनी तोच कुबटपणा. मग ट्रेमधले चार खडे नुसत्या वाटीत वितळू दिले आणि पाणी खोलीच्या उष्णतेला आल्यावर हुंगलं. लसूण! त्यामागे येसराचा मसाला. आमच्या फ्रीझरमध्ये उघड्या ट्रेशेजारी लसणाची चटणी आणि येसराचा डबा वर्षभर मुक्कामाला असतो. बर्फ उघडा असला की तो वास धरतो. गारठ्यात वास दबलेला असतो, म्हणून पहिला घोट बरा. बर्फ वितळतो, ग्लास कोमट व्हायला लागतो, तसा वास बाहेर येतो.

त्यात ट्रे बोअरच्या पाण्याने भरलेली. पिण्याचं पाणी आरओचं, बर्फाला मात्र बोअरचं, कारण "बर्फाला कशाला चांगलं पाणी" असं मीच कधीतरी म्हटलं होतं. त्या खड्यांच्या पोटात पांढरा गोळा असायचा आणि वितळल्यावर वाटीच्या तळाशी चुन्यासारखी पावडर राहायची.

म्हणजे व्होडकाला शिव्या देऊन मी बरोबर उलटं करत होतो. तिच्यात स्वतःचा वास जवळजवळ नसतोच, म्हणून पाणी, बर्फ, सोडा यांत जे असेल ते ती तसंच पुढे करते. जिनचं तसं नाही. तीही मुळात तसल्याच निर्गंध स्पिरिटपासून बनते, पण त्यात ज्युनिपरची फळं, धने, लिंबूवर्गीय साली यांचा अर्क असतो. ज्युनिपरचा वास देवदाराच्या लाकडासारखा, आणि नीट हुंगलं तर धने ओळखू येतात. एवढ्या गर्दीत आमचा लसूण कुठे दिसणार? वर मी तिच्यात टॉनिक घालायचो, त्यातल्या क्विनाइनचा कडूपणा ज्युनिपरशी जमतो आणि उरलंसुरलं झाकून टाकतो. तीन महिने मी जिनचं कौतुक करत होतो ते बऱ्याच अंशी या झाकण्याचं होतं.

व्हाइट रम मधली. उसाच्या मळीची, पण रंग गाळून काढलेली. गाळप हंगामात कारखान्याच्या रस्त्याने गेलं की जो गोडसर आंबूस वास येतो, त्याची अगदी पुसट आठवण तिच्यात असते. साखर नसते, तरी जिभेला गोड भासते. नुसत्या सोड्यात मला ती अर्धवट वाटली, काहीतरी राहून गेल्यासारखी. अर्धं कागदी लिंबू पिळलं आणि चिमूटभर मीठ टाकलं की एकदम जागेवर येते. आमच्या बर्फाचा वासही लिंबाने निम्मा दबायचा, म्हणून रम "ठीक" होती.

जूनपासून बर्फ आरओच्या पाण्याचा, झाकणाच्या डब्यात, तोही वरच्या कप्प्यात एकटा. चटणी खाली हलवली, त्यावरून घरात दोन दिवस अबोला. मग तिन्ही पुन्हा सुरुवातीपासून प्यायलो आणि मत बदललं.

जालन्यात राहून मोसंबी टाळता येत नाही. ६० मिली व्होडका, ६० मिली ताजा मोसंबी रस, वर १२० मिली सोडा. हा आता माझा पहिल्या क्रमांकाचा ग्लास, कारण व्होडका मध्ये तोंड घालत नाही, मोसंबी मोसंबीच राहते. रस मात्र तेव्हाच काढायचा. सकाळी काढून ठेवलेला रस संध्याकाळी कडवट होतो, तो अनुभवही घेऊन झाला. हाच रस जिनमध्ये घातला तर गोडवा आणि ज्युनिपर भांडत बसतात. जिनला फक्त सालीची एक पट्टी हवी: पांढरा भाग न घेता सोलायची, ग्लासावर मुरगळायची, तेलाचे थेंब पृष्ठभागावर दिसतात. मग टॉनिकचीही गरज नाही, साधा सोडा पुरतो. रममध्ये मोसंबी जड होते, तिला लिंबूच बरं.

टॉनिकवर माझा राग आहेच. माझ्या बाटलीच्या लेबलवर १०० मिलीला साडेआठ ग्रॅम साखर लिहिली आहे, म्हणजे एका ग्लासातल्या १८० मिलीत पंधरा ग्रॅमच्या वर, जवळपास चार चमचे. साडूंना शुगर आहे आणि ते "सोड्यासारखंच की" म्हणून तीन ग्लास प्यायले होते. शिवाय बाटली ३०० मिलीची. एकट्याने उघडली की उरलेलं उद्यापर्यंत बसतं, आणि बसलेलं टॉनिक फेकताना जीव तुटतो.

जिनने एक बाबतीत मात्र मन जिंकलं. ६० ऐवजी ४५ मिली घातली तरी ग्लासाला वास पुरतो. खंब्यात साडेबाराऐवजी सोळा ग्लास. व्होडका ४५ मिली घातली की सोडाच प्यायल्यासारखं वाटतं आणि हात पुन्हा बाटलीकडे जातो. रम त्यातल्या त्यात तग धरते.

गेल्या आठवड्यात त्या वाइन शॉपवर पुन्हा जावं लागलं. त्याने मला ओळखलं, व्होडकाची बाटली काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "बर्फ कसाय आता?" मी सुट्टे पैसे मोजत राहिलो.