काळ्या मसाल्याभोवती लिहिलेली गोष्ट: पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत जेवल्यानंतर

नाशिकमध्ये गंगापूर रोडजवळच्या एका छोट्या खाणावळीत आम्ही घरचे सगळे जूनपासून जेवतोय. गल्ल्यामागे मालकीणताईंनी आपली गोष्ट एका पानावर लिहून फ्रेम करून लावली आहे. त्या पानात लिहिलेलं ताटात उतरतं का, हे मी इतके महिने बघत आलो.

पानावर पदार्थांची यादी नाही. ‘अस्सल चव’, ‘घरगुती जेवण’ असले शब्दही नाहीत. आहे तो मुख्यतः काळा मसाला. ताई आधी एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होत्या. तिथे किती वर्षं काढली हे त्या सांगत नाहीत, काय शिकल्या ते सांगतात: प्रत्येक डब्यावर तारीख लिहायची आणि जुना माल आधी संपवायचा. भाजणी मात्र सासूबाईंची. धणे, खोबरं, तीळ, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र टाकलं तर धणे भाजले जाईपर्यंत तीळ जळतात आणि दगडफूल कडवट होतं. हे वाचल्यापासून मीही रस्सा लक्ष देऊन खातो. जळका मसाला घशात मागे कडू रेंगाळतो. इथल्या मटण रश्शात तसं एकदाही झालं नाही. रंग गडद, पण तो कांद्या-खोबऱ्याचा.

मला सर्वांत आवडला तो कांद्याचा परिच्छेद. मसाल्यासाठी त्या निफाडकडचा उन्हाळी कांदा घेतात. मे महिन्यात तो चिरून कडक उन्हात वाळवायचा, मग तेलात तांबूस तळायचा. खरिपाच्या लाल कांद्यात पाणी जास्त असतं. तो नीट वाळत नाही आणि ओलसर राहिला की डब्यातल्या मसाल्याच्या गुठळ्या होऊन बुरशी धरते. म्हणून ‘वाळवलेला कांदा संपला की मसाला आठवड्यापुरताच करतो, चव थोडी बदलते’ असं पानात सरळ लिहिलंय. दिवाळीनंतर नेमकं तेच झालं. रस्सा जरा फिका लागला, धुरकट वास कमी झाला. पानावर वाचलेलं असल्यामुळे हात बिघडला असं मला वाटलं नाही.

नागलीच्या भाकरीला दोनच ओळी आहेत: नागली पेठ-सुरगाण्याकडची, संपली तर ज्वारीची भाकरी मिळेल. ऑक्टोबरमध्ये ज्वारीचीच मिळाली, नवी नागली आल्यावर पुन्हा सुरू झाली. मटकीची उसळ थंडीत कधी अर्धवट मोडाची असते. त्याबद्दल पानात काही नाही, एक ओळ हवी होती.

मटण कुठून येतं हेही लिहिलेलं नाही. विचारलं तेव्हा ताई म्हणाल्या, “दादा, खाटीक ठरलेला आहे, पण बोकड कुठल्या गावचा ते मला रोज कळत नाही. मग गावाचं नाव कशाला लिहू?” हे मला पटलं.