एसडब्ल्यूआर 1.1 दाखवणारा अँटेना आणि माझे साडेसहा हजार

हॅम, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स हातात आलं आणि मला घाई झाली. 14 मेगाहर्ट्झवर युरोपशी बोलायचं होतं, वायर कापत बसायचा कंटाळा होता. म्हणून एका विक्रेत्याकडून 'तयार हाफ-वेव्ह डायपोल' मागवला, म्हणजे मधोमध केबल जोडलेली, अर्ध्या तरंगलांबीची दोन बाजूंची वायर. कुठे चुकलो ते सविस्तर लिहितोय, कारण तीच जाहिरात अजून फिरते आहे.

गच्चीवर 10 मीटरच्या खांबावर तो चढवला. मीटर लावला तर एसडब्ल्यूआर 1.1. अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते हा आकडा सांगतो, 1 म्हणजे काहीच परत नाही. बँडच्या या टोकाला 1.1, त्या टोकालाही 1.1. मी खूश! दोन आठवडे हाका मारल्या, उत्तर एकाचंही नाही.

गावातल्या एका जुन्या हॅम काकांना बोलावलं. त्यांनी मीटरकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातून टेप काढला आणि म्हणाले, "एक बाजू मोज." भरली 3.6 मीटर.

"14.15 ला किती पाहिजे?"

मला सूत्र पाठ होतं, पण कधी वापरलं नव्हतं. 300 ला 14.15 ने भागलं की तरंगलांबी 21.2 मीटर, अर्धी 10.6. प्रत्यक्षात वायरच्या टोकांच्या परिणामामुळे ती चार-पाच टक्के कमी लागते, म्हणून 142.6 भागिले फ्रिक्वेन्सी असं धरतात. आले 10.08 मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू पाच मीटरच्या थोडी वर. माझी वायर दोन्ही बाजू मिळून 7.2. एवढ्या आखूड वायरचा एसडब्ल्यूआर खरं तर आभाळाला भिडायला हवा होता.

मग काकांनी अँटेना खाली उतरवून मधल्या डबीच्या सॉकेटला मल्टिमीटर लावला. 51 ओहम. साध्या डायपोलमध्ये दोन्ही वायर एकमेकींना कुठेच चिकटलेल्या नसतात, त्यामुळे तिथे सर्किट उघडं दिसतं. आत काही प्रकारचा बॅलन, म्हणजे केबल आणि अँटेना जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, असेल तर जवळपास शून्य दिसेल. पण 51? त्यांनी डबी फोडली. काळ्या डांबरासारख्या मसाल्यात एक जाडजूड रेझिस्टर पुरलेला होता. मी ट्रान्समिट करत होतो ती बहुतेक पॉवर त्याला तापवण्यात जात होती. मीटर खोटं बोलत नव्हता, त्याला 50 ओहम दिसत होते, एवढंच. (काही अँटेनांत रेझिस्टर मुद्दाम घालतात, पण तसं विकणारा ते सांगून विकतो.)

शेवटी साधी पीव्हीसी वायर आणली. मुद्दाम जास्त कापली, एकूण 10.4 मीटर. सर्वांत कमी एसडब्ल्यूआर 13.5 ला आला. पीव्हीसीच्या वेष्टनामुळे वायर विजेच्या दृष्टीने आणखी लांब वागते, म्हणून सूत्रातली लांबी जशीच्या तशी जमत नाही. हिशेब सोपा: 10.4 गुणिले 13.5, भागिले 14.15. आले 9.92. प्रत्येक बाजूने 24 सेंटिमीटर कापलं. आता 14.15 ला एसडब्ल्यूआर 1.4, आणि दोन्ही टोकांकडे वाढत जाणारा. एवढ्या उंचीवर डायपोलचा रोध 70 ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे 50 ओहमच्या केबलला 1.4 हाच प्रामाणिक आकडा. सपाट 1.1 दिसला की आता माझ्या पोटात गोळा येतो.

तरीही युरोप क्षीणच. इथे दुसरी फसवणूक कळली. माहितीपत्रकात एक गोल वर्तुळ छापलं होतं आणि खाली '360 अंश, 8 डीबी', म्हणजे चारी दिशांना सारखाच वाढीव जोर. म्हणून मी वायर सोयीनं कठड्याला धरून बांधली होती, वायव्य-आग्नेय.

वर्तुळ खोटं नव्हतं. ते वायरला काटकोनात छेद घेऊन काढलेलं होतं, म्हणजे वायरभोवती वर-खाली फिरताना दिसणारं. वायर उभी असती तर तेच वर्तुळ जमिनीवर चारी दिशांना लागू पडलं असतं. आडव्या वायरसाठी वरून बघायचं, आणि वरून इंग्रजी आठाचा आकडा दिसतो: वायरच्या काटकोनात जोर, दोन्ही टोकांकडे जवळपास काही नाही. वायरशी 45 अंश केले तर जोर 4 डीबीने कमी, 30 अंशांवर साडेसात डीबीने. 8 डीबीचंही तसंच. मोकळ्या जागेत हाफ-वेव्हला 2.15 डीबीआय मिळतात, म्हणजे सगळीकडे सारखं पसरवणाऱ्या काल्पनिक अँटेनापेक्षा 2.15 डीबी जास्त. वरची भर जमिनीवरून परतणाऱ्या लहरींची, ती योग्य उंचीवर टांगलेल्या कुणाच्याही वायरला मिळते.

इथून जर्मनी साधारण 320 अंशांवर, म्हणजे वायव्येला. माझ्या वायरचं टोक नेमकं तिकडे! खांब हलवून वायर ईशान्य-नैऋत्य केली. त्याच संध्याकाळी जर्मनीहून उत्तर आलं. जपान मात्र आता टोकाच्या दिशेला, 60 अंशांजवळ गेलं, तिकडून क्वचितच कुणी ऐकू येतं.

विक्रेता फोन उचलत नाही. रेझिस्टर मात्र मसाल्यातून सोडवून पत्र्याच्या डब्यात बसवलाय. सिग्नल हवेत न सोडता रेडिओ तपासायला लावायचा नकली अँटेना, म्हणजे डमी लोड, म्हणून छान चालतो.